गदरच्या वेळचे कुलूप



मागच्या उन्हाळ्यात धारहून आपल्या मंडळीतल्या एका मावशींचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, मुलगा बाहेरगावी, घर जुने आणि पावसाळ्याआधी माळवदाची दुरुस्ती करायची होती. म्हणाल्या, "भाऊ, आमच्या दाराचं कुलूप विकायचंय. इंदूरचे एक गृहस्थ घ्यायला तयार आहेत. गदरच्या वेळचं आहे असं तुम्ही एका कागदावर लिहून दिलंत तर ते चांगले पैसे देतील म्हणतात."

मला जुन्या कुलूप-किल्ल्यांचा नाद आहे हे मंडळीत सर्वांना ठाऊक आहे. देवासला आमच्या घरी कपाटाचा एक कप्पा त्यांनीच भरलेला आहे. पण मावशी माझ्याकडे नाद मागत नव्हत्या, साक्ष मागत होत्या. माझ्या सहीच्या कागदावर एक माणूस पैसे देणार होता आणि त्या पैशांत एका म्हाताऱ्या बाईचे छप्पर होणार होते. मी म्हणालो, "मावशी, आधी येऊन बघतो. कुलूप पुसू नका, तेल लावू नका, चिंचेने तर अजिबात घासू नका."

तेव्हा काय पाहिले, कसे पाहिले आणि कागदावर शेवटी काय लिहिले, ते आज सांगतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असे एखादे कुलूप असेल, आणि त्याच्याबरोबर एखादी गोष्टही असेल.

आधी माझी चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी देवासच्या बाजारात मी एक पितळी कुलूप घेतले. माशाच्या आकाराचे, आणि किल्ली स्क्रूसारखी फिरवत आत घालायची. आपल्याकडे ही जुनी पद्धत आहे. किल्ली आट्यांवरून आत जाते, पोटातला खिटा स्प्रिंगविरुद्ध ओढते आणि कडी सुटते. विकणारा म्हणाला दोनशे वर्षांचे, मीही मानले, आणि मंडळीच्या प्रदर्शनात तशी चिठ्ठी लावली. पुढे एका जाणत्या कारागिराने ते हातात घेतले, किल्ली भिंगाखाली धरली आणि हसला. जुन्या कामात किल्लीच्या नळीला तार गोल गुंडाळून ती झाळून आटे केलेले असतात. तारेची दोन टोके दिसतात, आणि दोन आट्यांमधले अंतर कुठे कमी तर कुठे जास्त असते. माझ्या किल्लीचे आटे यंत्राने कापलेले होते, धारदार आणि शेवटपर्यंत एकसारखे. माशाच्या पाठीवर आणि पोटावर झीजही सारखीच होती. वापराची झीज अशी नसते. जिथे बोट लागते आणि जिथे किल्ली आपटते तिथेच धातू झिजतो, बाकी ठिकाणी कोपरे शाबूत राहतात. सगळीकडे सारखी झीज दिसली तर ते पॉलिशच्या चाकाचे नाही तर आम्लाचे काम समजावे. ती चिठ्ठी मी काढली, पण तोवर ती पुष्कळांनी वाचली होती.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजली. कुलूप कसे चालते यावरून एवढेच कळते की ते कोणत्या काळाच्या आधीचे असू शकत नाही. ते किती जुने आहे, हे त्यावरून कळत नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने १७७८ मध्ये लिव्हरच्या कुलपाचे पेटंट घेतले, चबने १८१८ मध्ये ते आणखी पक्के केले. म्हणजे लिव्हरचे कुलूप १७७८ च्या आधीचे नाही, इतके खात्रीने म्हणता येते. पण आज सकाळी दुकानातून आणलेले कुलूपही लिव्हरचेच असू शकते. स्क्रूच्या किल्लीचेही तसेच. युक्ती जुनी, वस्तू कालची. म्हणून युक्तीच्या जोडीला ती वस्तू कशी घडवली हे पाहावे लागते. पत्रा हाताने ठोकलेला की कारखान्यात लाटलेला, जोड भट्टीतला की वेल्डिंगचा, स्क्रू हाताचा की यंत्राचा. खरा साक्षीदार बहुतेक वेळा हाच असतो.

देवासहून इंदूरमार्गे धार गाठायला सुमारे शंभर किलोमीटर पडतात. पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. मावशींचे घर जुन्या वस्तीत आहे. त्यांच्या सासऱ्यांनी ते संस्थानातल्या एका कारकुनाच्या कुटुंबाकडून घेतले होते, आणि दाराबरोबर ही कथाही घेतली होती. ऑक्टोबर १८५७ मध्ये इंग्रजी फौजेने धारच्या किल्ल्याला वेढा घातला, हा इतिहास आहे. त्या दिवसांत घरमालकाने दागिने आत ठेवून दाराला हे कुलूप घातले आणि गाव सोडले, अशी ती कथा. मावशींनी ती इतक्या मनापासून सांगितली की माझ्या पिशवीतले भिंग बाहेर काढायला मलाच संकोच वाटला.

कुलूप हातात घेतले. चांगले वजनदार, लोखंडी, चौकोनी पेटीसारखे, वर जाड कमान, आणि किल्लीच्या भोकावर सरकणारी छोटी झाकणी. वरून तांबूस-काळा गंज. बघताक्षणी कोणीही "फार जुने" म्हणेल असेच. पण गंज वय सांगत नाही. दोन पावसाळे उघड्यावर पडलेले नवे कुलूप, देवघरात ठेवलेल्या शंभर वर्षांच्या कुलपापेक्षा जास्त गंजते.

पहिल्यांदा किल्ली पाहिली. कुलूप न उघडता त्याच्या पोटातले सांगते ती किल्लीच. किल्लीचे तीन भाग धरा: वरचे कडे, मधली दांडी आणि टोकाचे पाते. पात्यावरचे कापे कुठे आहेत ते पाहा. पात्याच्या बाजूंना आत जाणाऱ्या अरुंद खाचा असतील, तर कुलपाच्या पोटात गोल पट्ट्यांचे अडथळे असतात, आणि खाचा त्या पट्ट्यांना वाट देतात. ही जुनी आणि सोपी रीत. टॉर्च मारली तर भोकातून त्या पट्ट्या कधी कधी दिसतातही. पण पात्याच्या बाहेरच्या कडेला कमीजास्त उंचीच्या पायऱ्या असतील, तर कुलूप लिव्हरचे असते. एकेक पायरी एकेक लिव्हर नेमक्या उंचीवर उचलते आणि एक पायरी खिटा सरकवते. मावशींच्या किल्लीला पाच पायऱ्या होत्या. म्हणजे चार लिव्हर आणि एक पायरी खिट्याची. किल्ली हळू फिरवली तेव्हा आत लिव्हर उचलल्याचा बारीक टक आवाजही आला.

लिव्हरचे कुलूप १८५७ मध्ये असू शकते का? असू शकते. तेव्हा इंग्लंडमध्ये ती सर्रास बनत होती आणि मुंबईच्या बंदरात उतरतही असतील. म्हणजे युक्तीने कथेला खोटे ठरवले नाही, फक्त दार थोडे उघडे ठेवले. इथेच थांबलो असतो तर कागद लिहून देणे सोपे होते.

मग घडण पाहिली. माझ्याजवळ सरकत्या जबड्याचे कॅलिपर आहे, सुताराकडे किंवा फिटरकडे असते तसे. झाकणीच्या कडेला, वरच्या काठाला आणि कमानीच्या भोकापाशी, जिथे पत्र्याची कड उघडी होती तिथे, जाडी मोजली. सगळीकडे दोन मिलिमीटर, केसाचाही फरक नाही. लोहाराने ऐरणीवर ठोकलेला पत्रा असा येत नाही. हातोडा जिथे जास्त पडतो तिथे तो पातळ होतो, कडेला जाड राहतो, आणि आडव्या उजेडात धरला तर पाण्यावरच्या लहरींसारखे उंचसखल दिसते. इथे पृष्ठभाग आरशासारखा सपाट होता आणि कोपरे साच्यात दाबल्यासारखे एकाच गोलाईचे होते. हा कारखान्यात लाटलेला पत्रा, आणि पेटी ठशाने दाबून केलेली.

कमानही तेच सांगत होती. जुने घडीव लोखंड गंजले की त्याच्यात लाकडासारखे लांब लांब रेषांचे पदर दिसतात, कारण भट्टीत काढलेल्या लोखंडात मळीचे धागे राहिलेले असतात आणि ठोकताना ते लांबवर ताणले जातात. पोलाद तसे गंजत नाही. त्याच्यावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडतात, रेषा येत नाहीत. मावशींच्या कुलपाच्या कमानीवर खड्डे होते, पदर नव्हते. वितळवून मोठ्या प्रमाणावर पोलाद करण्याची बेसेमरची रीत १८५६ मधली. त्या पोलादाच्या सळया आपल्या बाजारात स्वस्त होऊन पसरायला पुढची अनेक वर्षे लागली. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात पहिले पोलाद निघाले ते १९१२ मध्ये. १८५७ च्या धारमध्ये अशा सळईची कमान असलेले कुलूप असणे जवळजवळ अशक्यच.

"जवळजवळ" या शब्दावर मी अडलो. मावशी समोर बसून चहा गाळत होत्या, आणि मला "जवळजवळ" वर त्यांचे छप्पर काढून घ्यायचे नव्हते.

म्हणून शेवटचा उपाय केला. झाकणीखालची जागा हवेपासून आणि हातापासून वाचलेली असते, तिथे अक्षरे टिकतात. घासायचे नाही. जुन्या टूथब्रशने धूळ झाडली, पातळ कागद त्या जागेवर ताणून धरला आणि मऊ पेन्सिल आडवी करून हलके फिरवली. लहानपणी आपण नाण्याचा छाप काढायचो तसे. कागदावर आधी काहीच नाही. दुसऱ्या वेळी, टॉर्च बाजूने धरून जागा नीट ओळखल्यावर, इंग्रजी अक्षरे उमटली. पहिले अक्षर गंजात गेलेले, मग एल, आय, जी, पुढे एक पुसट, आणि शेवटी आर, एच.

अलीगढ.

कुलपांच्या गावाचे नाव कुलपावरच होते. अलीगढला जॉन्सन अँड कंपनीने १८७० मध्ये इंग्रजी कुलपे आणून विकायला सुरुवात केली, आणि १८९० मध्ये तिथेच लहान प्रमाणावर बनवायला घेतली. अलीगढचा कुलपांचा मोठा धंदा तिथून वाढला. मुंबईत अर्देशीर गोदरेजांनी कुलपे करायला घेतली ती १८९७ मध्ये. म्हणजे ‘अलीगढ’ असा शिक्का मारलेले, ठशाने दाबलेले लिव्हरचे कुलूप १८५७ चे असूच शकत नाही. ते १८९० च्या आधीचे नाही, आणि पोलाद व पत्रा पाहता विसाव्या शतकातले मानणे योग्य.

इथे शिक्क्यांबद्दल थोडे सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. शिक्का हा सर्वांत सोपा पुरावा, आणि सर्वांत सोपी नक्कलही. मुकुट आणि ‘व्ही. आर.’ ही अक्षरे दिसली की आपण व्हिक्टोरिया राणी म्हणतो, म्हणजे १८३७ ते १९०१. पण ग्राहकाला मुकुट आवडतो हे कारागिरालाही कळते, आणि ठसा कोणीही कोरू शकतो. ‘मेड इन इंग्लंड’ किंवा ‘मेड इन जर्मनी’ असे शब्द मात्र जास्त उपयोगी पडतात. मालावर मूळ देश लिहिण्याची सक्ती इंग्लंडच्या १८८७ च्या आणि हिंदुस्थानच्या १८८९ च्या मालचिन्ह कायद्यांनंतर जोर धरू लागली, म्हणून असे शब्द असलेले कुलूप सहसा त्यानंतरचे असते. ‘रजिस्टर्ड नंबर’ म्हणून ओळीने चालणारा आकडा असेल, तर इंग्लंडमधली ती आकड्यांची पद्धत १८८४ पासूनची. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की शिक्क्याने कुलूप जुने ठरवू नका. ते किती नवे असू शकते हे मात्र शिक्का सांगतो. खोटे बोलणारा वस्तूला जुनी करतो, नवी कोणी करत नाही. म्हणून जो शिक्का मालकाच्या कथेविरुद्ध जातो, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवावा.

दुसऱ्या टोकाकडूनही मर्यादा शोधली. कुलपाची रुंदी साडेएकशेएक मिलिमीटर भरली, म्हणजे अगदी चार इंच. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ चा, आणि १९५८ पासून ती मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यानंतरचे कुलूप शंभर मिलिमीटरचे असण्याची शक्यता जास्त. पण जुना ठसा झिजेपर्यंत कारखानदार तो फेकत नाही, त्यामुळे एकट्या इंचावर मी भरवसा ठेवला नाही. मावशींना विचारले, "तुम्ही या घरात आलात तेव्हा हेच कुलूप होते?"

"एकसष्ट साली आले मी. हेच होतं. सासूबाईंच्या कमरेला किल्ली असायची. तेव्हाही जुनंच दिसायचं."

मग हिशेब असा झाला: १८९० नंतर, १९६१ आधी, आणि बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांतले. याहून बारीक सांगता येत नाही, आणि सांगूही नये.

आता दार. कुलूप दाराबरोबर जन्मत नाही. ते एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते, हरवते, बदलते. म्हणून दाराची साक्ष वेगळी घ्यावी लागते. मावशींच्या दाराला बिजागऱ्या नाहीत. फळीलाच वर आणि खाली खुंट्या आहेत, आणि त्या चौकटीतल्या खळग्यांत फिरतात. कुलूप ज्या लोखंडी पट्टीत अडकते ती चार स्क्रूंनी बसवलेली. एक स्क्रू आधीच सैल होता, तो हातानेच निघाला. टोक अणकुचीदार, डोक्यावरची खाच बरोबर मध्यावर, आटे सारखे. लाकडी स्क्रूला असे टोक यंत्राने काढण्याची पेटंटे अमेरिकेत १८४० च्या दशकात निघाली आणि बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्डने ती १८५४ मध्ये उचलली. त्याआधीचे स्क्रू टोकाला बोथट असत, आणि हाताने कापलेली खाच बहुधा थोडी बाजूला पडलेली असे. म्हणजे ही पट्टीही नंतरचीच.

पण स्क्रूच्या जागी पट्टी किंचित सरकली आणि खाली काहीतरी दिसले. पट्टीखालच्या लाकडात चौकोनी भोके होती, जुन्या खिळ्यांची. तारेचा खिळा गोल भोक पाडतो, लोहाराने घडवलेला चौकोनी. आणि त्या भोकांच्या बाजूने लाकडावर अर्धचंद्रासारखी खोल घळ गेलेली होती. तिचे एक टोक पट्टीखाली दडलेले होते. मी बोट घातले, पेराच्या निम्म्यापर्यंत गेले. ही घळ दाराच्या वरच्या साखळीची. साखळी सोडली की ती लोंबते, आणि दार हलले की तिचे टोक त्याच वाटेने लाकूड खरवडते. रोज थोडे थोडे. सागवानात इतकी घळ पडायला पिढ्या लागतात. आणि पट्टी त्या घळीवर बसवलेली होती, म्हणजे पट्टी आणि कुलूप येण्याआधीच साखळीने दीर्घ काळ काम केलेले होते.

साखळी अजून तिथेच लोंबत होती, चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाला. दोन लांबट कड्या आणि टोकाला कोयंड्यावर बसणारे कडे. कोयंडा लाकडातून आरपार ठोकून मागे त्याची दोन टोके दोन बाजूंना वाळवलेली. प्रत्येक कडीच्या एका बाजूला किंचित फुगवटा होता. तिथे लोखंडाची दोन टोके तिरपी करून, पांढऱ्या तापावर एकमेकांवर ठेवून, ठोकून एक केलेली. वेल्डिंगचा जोड असा नसतो. त्यावर मेणाच्या थेंबांसारखी माळ दिसते. आणि गंजलेल्या जागी तेच लाकडासारखे पदर, जे मी कुलपावर शोधले आणि सापडले नाहीत.

धारमध्ये हे पाहणे मला विशेष वाटले. लाट मशिदीजवळ धारचा लोहस्तंभ तीन तुकड्यांत पडलेला आहे, एकूण सुमारे तेरा मीटर. तो ओतलेला नाही. लोखंडाचे तुकडे तापवून एकावर एक ठोकून जोडलेला आहे. मावशींच्या साखळीचा बोटभर जोड आणि तो प्रचंड स्तंभ, दोन्हीकडे रीत एकच. मात्र यावरून साखळी फार प्राचीन ठरत नाही. लोहार आजही कडी अशीच जोडू शकतो. पदरांचे लोखंड, चौकोनी खिळे, लाकडातली घळ आणि वर नंतर बसवलेली यंत्राच्या स्क्रूंची पट्टी, हे चारही एकत्र घेतले तर इतकेच म्हणता येते की साखळी बहुधा एकोणिसाव्या शतकातली आहे आणि कुलपाहून पुष्कळ जुनी आहे. १८५७ मध्ये ती त्या दारावर असू शकेल. होतीच, असे मी लिहू शकत नाही.

मावशींना सगळे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे सासरे खोटं बोलले?"

"नाही मावशी. त्यांना सांगणारा दाराबद्दल सांगत असेल, आणि दाराला कुलूप होते म्हणून गोष्ट कुलपाला चिकटली. असे फार होते. हाताला जी वस्तू लागते, आठवण तिलाच धरून बसते."

"मग कागद?"

मी त्यांच्या ओट्यावर बसून कागद लिहिला. "लोखंडी लिव्हरचे कुलूप, चार लिव्हर, अलीगढचा शिक्का, चार इंच. ठशाने दाबलेला पत्रा, पोलादी कमान. १८९० नंतरचे, १९६१ आधीपासून या घरात वापरात." खाली सही. १८५७ चा आकडा लिहिला नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये हे आपण लहानपणी पाठ केलेले असते. पण इथे शेजारी दोन होते, घेणारा आणि देणारी, आणि मला ज्यांची जास्त माया होती त्यांच्याच बाजूने खोटे लिहायचा मोह होता. तो मोह मला झाला, हे लपवत नाही.

इंदूरच्या गृहस्थांनी तो कागद वाचून किंमत फारच खाली आणली. साखळीकडे त्यांनी पाहिलेही नाही. मावशींनी कुलूप विकले नाही.

निघण्याआधी किल्ली मी पुन्हा हातात घेतली होती. पात्याकडे इतका वेळ पाहिले होते, पण वरच्या कड्याकडे लक्ष गेले नव्हते. कडे एका बाजूला चार मिलिमीटर जाड होते. दुसऱ्या बाजूला, जिथे ते दोऱ्यात लटकत असे, तिथे जेमतेम अडीच उरले होते. दोरा मऊ असतो, पण त्यात अडकलेल्या धुळीने आणि रोजच्या हिसक्याने लोखंड खाल्ले जाते. एक तृतीयांशाहून जास्त लोखंड एका बाईच्या कमरेच्या दोऱ्याने झिजवले होते. मी मावशींना ती जागा बोटाने दाखवली.

त्या ती किल्ली उन्हात धरून बघत राहिल्या. म्हणाल्या, "सासूबाई झोपतानाही काढत नसत. एवढं घासलं का हो?"

मग त्यांनी तिथेच मला चौथा कप चहा दिला आणि कागदावर एक ओळ वाढवायला सांगितली. मी लिहिले: "किल्लीच्या कड्यावर दोऱ्याची झीज, सुमारे दीड मिलिमीटर. घरातल्या सासूबाईंनी ही किल्ली आयुष्यभर कमरेला बांधली." ही ओळ मी भिंगाने पाहून आणि मावशींच्या तोंडून ऐकून लिहिली आहे, आणि तिच्याखाली सही करताना हात अडखळला नाही.

माळवदाचे काम पावसाआधी झाले. मंडळीतल्या तरुणांनी आठवड्याच्या दोन सुट्ट्या दिल्या, विटा कोणी दिल्या ते त्यांनी सांगायला नको म्हटले आहे. कुलूप दारावरच आहे. सैल स्क्रू मी परत बसवला, तोच जुना, नवा नाही. पुढे कोणी त्या दाराचे वय शोधायला आला तर त्याला त्याची खाच मध्यावर दिसली पाहिजे.

तुमच्या घरी जुने कुलूप असेल तर एवढे करा. घासू नका. किल्ली हरवली असेल तर कुलूप फोडू नका, भोक आणि पेटी तरी टिकवा. दारावरून काढाल तर काढण्याआधी दाराचा आणि भोकांचा फोटो घ्या, आणि निघालेले खिळे-स्क्रू एका डबीत घालून डबीवर दाराचे नाव लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की ते कधीपासून पाहतात, आणि सन तिथेच लिहून ठेवा. अलीगढच्या शिक्क्याने मला १८९० दिले, पण १९६१ मला एका नव्या नवरीच्या आठवणीने दिले. ते दुसऱ्या कुठल्याही भिंगातून दिसले नसते.

तुमचा बंधू,
देवास